मुळापासून पानापर्यंतची बेरीज

संगणकातले झाड उलटे असते: मूळ वर, पाने खाली. मुळात 6 आहे. डावीकडे 3, त्याखाली 5 आणि 2 ही पाने. उजवीकडे 8, त्याखाली 4, त्याखाली −4. मुळापासून पानापर्यंत बेरीज 14 होईल असे सगळे रस्ते हवेत.

डावीकडून खोल उतरत जायचे आणि वाटेतला प्रत्येक आकडा यादीत लिहायचा. 6, 3, 5 होताच बेरीज 14 आणि खाली पान, रस्ता सापडला. आता मागे फिरताना 5 यादीतून पुसायचाच, नाहीतर पुढचा रस्ता 6, 3, 5, 2 असा खोटा होतो.

उजवीकडे 6 आणि 8 मिळूनही 14 होतात, पण 8 हे पान नाही, म्हणून थांबायचे नाही. पुढे बेरीज 18 होते. इथे शोध सोडणे मोहाचे, पण चूक. −4 मिळवताच पुन्हा 14! ऋण आकडे असतील तर अर्ध्यावरून परतता येत नाही.

सापडलेल्या रस्त्याची मात्र प्रत ठेवावी: पायथनमध्ये `path[:]`. मूळ यादीच ठेवली, तर शेवटी उत्तरे दोनच दिसतात, पण दोन्ही रिकामी, कारण परतताना आपणच ती यादी पुसलेली असते.