फुकट कार्यशाळेला ६० खुर्च्या असतील, तर नोंदण्या किती घ्यायच्या?

पीएचडीला लागलात की पहिल्या वर्षातच कुणीतरी तुमच्या गळ्यात विभागाच्या कार्यशाळेची नोंदणी बांधणार, हे धरून चाला. माझ्या गळ्यात आली तेव्हा मी सरळ हिशेब केला: हॉलमध्ये ६० खुर्च्या, म्हणून ६० नावं झाल्यावर फॉर्म बंद. कार्यक्रमाला आले तीसेक जण. अर्धा हॉल रिकामा, बाहेरगावाहून आलेल्या वक्त्या तो रिकामा हॉल बघतायत, आणि फॉर्म बंद झाल्यामुळे नाव न मिळालेले दोन ज्युनिअर कॅन्टीनमध्ये बसलेत. पुढच्या वेळी मी चिडून फॉर्म उघडाच ठेवला. तेव्हा एक मुलगी पहाटेची एसटी पकडून तालुक्याच्या गावाहून आली आणि तिला बसायला जागा नव्हती. नाव नोंदवलेलं, कन्फर्मेशनचा मेल हातात, आणि मी तिला काय सांगणार?

या दोन चुकांच्या मधला आकडा कसा काढायचा, ते आज बघू. तुमच्या पुढच्या संशोधनात हेच गणित वेगळ्या नावाने येतं (सर्व्हेला किती जणांना बोलवायचं, प्रयोगाला किती सहभागी लागतील), म्हणून जरा सावकाश जाऊ.

सुरुवात जुन्या नोंदींपासून. हिशेब समजावा म्हणून मी सोपे आकडे घेतलेत. समजा विभागाचे मागचे पाच फुकट कार्यक्रम असे झाले: १०० नोंदण्यांपैकी ६० आले, ६० पैकी २७, ८० पैकी ३६, ७० पैकी ४५ आणि ९० पैकी ४२. एकूण ४०० नोंदण्या, २१० हजर. म्हणजे येण्याचा दर ५२.५ टक्के, न येण्याचा ४७.५.

हे आकडे कागदावर येण्याआधी बरंच झाडून घ्यावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे. गुगल फॉर्ममध्ये एकच माणूस दोन ईमेलवरून दोनदा नाव भरतो. तो एकदाच येतो, पण तुमच्या हिशेबात एक जण 'आला नाही' असा धरला जातो. नाव न नोंदवता थेट आलेले लोक सहीच्या कागदावर असतात, म्हणून सह्या मोजून दर काढला की तो उगाच वाढतो. सह्या आणि नोंदणी नावानिशी जुळवा. थेट आलेल्यांचा आकडा वेगळा लिहून ठेवा, कारण खुर्ची त्यांनाही लागते.

आणि एक छुपी गोष्ट. वरचा ७० पैकी ४५ चा कार्यक्रम समजा ४० मशीनच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये झाला होता. सहीच्या कागदावर ४०च नावं आहेत, कारण लॅब भरल्यावर पाच जण दारातून परत गेले आणि परत गेलेला माणूस सही करत नाही. कागदावर विसंबलात तर दर ५७ टक्के येतो, खरा आहे ६४. म्हणजे जिथे गर्दी जास्त झाली नेमकी तिथेच नोंद कमी दाखवते, आणि तुम्ही पुढच्या वेळी अजून जास्त नावं घेता. आकडेशास्त्रात याला सेन्सॉरिंग म्हणतात. ओळखायची खूण सोपी: हजेरीचा आकडा बरोब्बर खुर्च्यांएवढा दिसला की थांबा आणि दारावर कोण उभं होतं त्याला विचारा.

आता नवा कार्यक्रम, ६० खुर्च्या. पहिला मोह असा होतो: ६० ला ०.५२५ ने भागा, ११४ आले, तेवढी नावं घ्या. पण ११४ नावं घेतल्यावर *सरासरीने* ६० जण येतील. म्हणजे जवळपास निम्म्या वेळी ६० पेक्षा जास्त येणार. सरासरीवर बेतलेली योजना म्हणजे नाणं उडवणंच.

म्हणून आधी ठरवायचं की गर्दी उतू जाण्याची शक्यता किती चालेल. समजा आपण ५ टक्के म्हणू, वीस कार्यक्रमांत एकदा. हा आकडा गणितातून येत नाही, तो तुम्ही ठरवायचा. सतरंजीवर चार जण जास्त बसू शकतील अशा व्याख्यानाला १५ टक्केही चालतील. लॅबमध्ये मशीनशिवाय बसणाऱ्याचा पूर्ण दिवस वाया जातो, तिथे ५ सुद्धा मला जास्त वाटतात.

इथे पुस्तकातलं बायनॉमिअल आठवतं. प्रत्येक नोंदणी म्हणजे एक नाणं, छाप पडण्याची शक्यता ०.५२५. N नाणी उडवली तर सरासरी 0.525N आणि स्टँडर्ड डेव्हिएशन √(N × 0.525 × 0.475). सरासरीत १.६४५ स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवून बेरीज ६०.५ च्या आत राहायला हवी. N = 99 घेतलं तर सरासरी ५२, स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ५, बेरीज ६०.२. बसलं! म्हणजे ९९ नावं.

बरेच जण इथे थांबतात. मीही थांबले होते. गडबड अशी की बायनॉमिअल धरतं की प्रत्येक माणूस आपापला, स्वतंत्रपणे, येतो किंवा येत नाही. आपले लोक तसे येत नाहीत. हॉस्टेलच्या एका खोलीतल्या चौघी एकत्र नाव देतात आणि एकत्रच रद्द करतात. सकाळी धो धो पाऊस लागला की सगळ्यांच्याच पायात एकदम बेडी पडते. दुसऱ्या दिवशी सबमिशन असेल तर अख्खी बॅच गायब. म्हणजे नाणी एकमेकांना बांधलेली आहेत आणि त्या दिवशीचं नाणंच वेगळं असतं.

हे नुसतं वाटतंय की आकड्यांत दिसतंय? बघू. पाच कार्यक्रमांचे दर आहेत ६०, ४५, ४५, ६४ आणि ४७ टक्के. त्यांचा व्हेरियन्स येतो सुमारे ८५, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ९ टक्क्यांच्या थोडं वर. फक्त नाण्यांचा खेळ असता तर एवढ्या नोंदण्यांना व्हेरियन्स सरासरी ३२ असता. उरलेले ५३ हे कार्यक्रमागणिक दर बदलण्याचे. त्याचं वर्गमूळ सुमारे ७.३. म्हणजे 'येण्याचा दर ५२.५ टक्के' हे अर्धवट वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं: दर ५२.५ च्या आसपास, पण कार्यक्रम बदलला की तो स्वतःच सातेक टक्क्यांनी इकडेतिकडे होतो.

या जास्तीच्या हलण्याला ओव्हरडिस्पर्शन म्हणतात. ते धरून एकूण व्हेरियन्स होतो 0.249N + 0.0053N². दुसऱ्या पदात N चा वर्ग आहे, त्याकडे नीट बघा. नाण्यांचा गोंधळ जास्त नावं घेतल्यावर प्रमाणाने कमी होतो, पावसाचा होत नाही. मोठा कार्यक्रम आहे म्हणून अंदाज पक्का असेल, हा समज इथेच मोडतो.

पुन्हा ९९ तपासा. सरासरी ५२ तीच, पण स्टँडर्ड डेव्हिएशन आता ५ नाही, जवळपास ९. गर्दी उतू जाण्याची शक्यता ५ टक्के समजत होतो, ती निघते १५-१६ टक्के. ५ टक्क्यांत राहायचं तर N खाली येतो ९० वर: सरासरी ४७.२, स्टँडर्ड डेव्हिएशन ८.१, बेरीज ६०.५. सूत्रावर विश्वास नसेल तर आरमध्ये तीन ओळींत बघता येतं:

```r
p <- rbeta(100000, 24, 22)
x <- rbinom(100000, 90, p)
mean(x > 60)
```

पहिली ओळ 'त्या दिवशीचं नाणं' निवडते (सरासरी ०.५२, पसारा सुमारे ०.०७), दुसरी त्या नाण्याने ९० जणांचा निकाल लावते. उत्तर ०.०५ च्या आसपास येईल. ९० च्या जागी ११४ घालून बघा, म्हणजे पहिला मोह किती महाग होता ते कळेल.

यातही एक पळवाट राहिली आहे. ५२.५ आणि ७.३ हे दोन्ही आकडे पाचच कार्यक्रमांतून आलेत. पाच कार्यक्रमांवरून पसारा काढणं म्हणजे पाच दिवसांवरून पावसाळा सांगणं. सरासरीतली ही अनिश्चितता मिळवली की ९० चे साधारण ८८ होतात, आणि नॉर्मलऐवजी टी-वितरणाचा कडक गुणक लावला तर ८२. मी ८५ वर थांबेन. शिवाय दर वेळी तीन-चार जण नाव न देता येत असतील तर सुरुवातीलाच ६० ऐवजी ५६ खुर्च्या धरून हिशेब करा.

विमान कंपन्या हे फार आधीपासून करतात, पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही. १९६८ मध्ये ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने सुचवलं की जागा कमी पडली तर प्रवाशांनाच विचारा, किती पैसे घेऊन मागे राहाल, आणि सर्वांत कमी मागणाऱ्याला उतरवा. पुढे १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत स्वखुशीने मागे राहणाऱ्यांना मोबदला देण्याची पद्धत आली. एसटीने आलेल्या मुलीला आपण काय देणार, चहा? म्हणून विमानांचा उदार आकडा आपण उचलायचा नाही.

आपल्या हातात आहे ते वेगळं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मेसेज टाका: येणार असाल तर 'हो' कळवा, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीला जाईल. याने चित्र खूप सुधारतं, पण इथे एक चूक नेमाने होते. 'हो' म्हणणारे हे वेगळेच लोक आहेत. त्यांचा येण्याचा दर ५२.५ नसतो, बराच जास्त असतो. ५० जणांनी 'हो' कळवल्यावर जुना दर लावून 'म्हणजे २६ येतील' असं म्हणत प्रतीक्षा यादी पूर्ण उघडलीत, तर दारात रांग लागेल. कन्फर्म केलेल्यांचा दर नव्याने, शून्यापासून मोजायचा. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत 'हो' म्हणणारे सगळेच येतील असं धरा, थोड्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर राहू द्या.

आणि प्रतीक्षा यादीतल्यांना मेलमध्ये स्पष्ट लिहा: 'जागा नक्की नाही, लांबून येणार असाल तर आमच्या फोनची वाट बघा.' बाहेरगावच्यांना जागा आधी पक्की करून द्या. विभागाच्या इमारतीतला मुलगा परत गेला तर त्याची दहा मिनिटं जातात. यासाठी फॉर्ममध्ये 'कुठून येणार?' हा एक रकाना लागतो, तो मी पहिल्या वेळी ठेवलाच नव्हता.