दुसरं वाक्य आपलं असतं

लग्नाच्या पंगतीत शेजारची मावशी हळूच म्हणते, "नवरी भलतीच सुटलीय, नाही गं?" तिला माहिती द्यायची नसते, होकार हवा असतो. माणूस स्वतःला इतरांशी ताडून जोखतो, असं लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं. रूप तर सगळ्यांना दिसतं, त्यावर बोलायला ओळखही लागत नाही. दोघींनी मिळून नावं ठेवली की घटकाभर जवळीकही वाटते.

डोना एडर आणि जॅनेट एन्की यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या अशा गप्पा अभ्यासल्या आणि 1991 मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या शेऱ्यानंतर लगेच येणारं उत्तर निर्णायक ठरतं. कुणी री ओढली की पुढे विरोध करणं अवघड होतं. तिथेच कुणी वेगळं बोललं तर गप्पांचा ओघ बदलू शकतो.

म्हणून उत्तर चटकन आणि साधं द्यावं: "मला तर छान दिसली. मावशी, तुम्ही मुक्कामाला आहात ना?" पुढे वाद नको. नुसतं हसलात तरी तो होकारच धरला जातो. "तिला थायरॉइड आहे हो," अशी बाजू तर मुळीच घेऊ नये. त्याने तिचं आजारपण चव्हाट्यावर येतं. बोलणारी सासू किंवा साहेब असेल आणि उलट बोलणं शक्य नसेल, तर पाणी आणायला उठावं. पण री ओढू नका.