ड्यूकसाहेबांची तक्रार आणि चेरीची फांदी



कथेतला किंवा कवितेतला बोलणारा माणूस खरं सांगतोय की नाही, हे मुलांना ओळखता यावं म्हणून आपण बरेचदा त्यांना एक व्याख्या देऊन टाकतो. 'अविश्वसनीय निवेदक' हा शब्द आपल्याकडे समीक्षेत रुळला आहे. मूळ इंग्रजी संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने 1961 साली आपल्या ग्रंथात मांडली. पण व्याख्या पाठ करून बोलणारा पकडता येत नाही. त्याचं स्वतःचंच बोलणं समोर ठेवून तपासावं लागतं. त्यासाठी रॉबर्ट ब्राउनिंगच्या 'माय लास्ट डचेस' इतकी सोयीची दुसरी कविता मला तरी सापडलेली नाही. ती 1842 साली प्रसिद्ध झाली, ओळी फक्त 56 आणि बोलणारा एकच, त्यामुळे दोन तासिकांत आरामात होते.

प्रसंग असा. इटलीतल्या फेरारा शहराचा ड्यूक एका पाहुण्याला आपल्या वाड्यातली चित्रं दाखवतोय. पाहुणा एका काउंटचा माणूस आहे आणि त्या काउंटच्या मुलीशी ड्यूकचं लग्न ठरवायला आलाय. ड्यूक भिंतीवरच्या एका चित्राचा पडदा बाजूला करतो आणि आपल्या आधीच्या पत्नीबद्दल बोलू लागतो. पाहुणा संपूर्ण कवितेत एक शब्दही बोलत नाही. म्हणजे आपल्याकडे पुरावा एवढाच : ड्यूकचं बोलणं. साक्षीदारही तोच आणि आरोप करणाराही तोच.

मी फळ्यावर मधोमध रेघ ओढते. डावीकडे 'ड्यूक काय ठरवतो', उजवीकडे 'ड्यूकने काय पाहिलं'. मुलांना कविता पुन्हा वाचायला लावते आणि प्रत्येक वाक्य कुठल्या बाजूला जातं ते विचारते. डावी बाजू भराभर भरते. तिचं मन फार लवकर खूश व्हायचं. तिची नजर सगळीकडे फिरायची. नऊशे वर्षांच्या घराण्याचं नाव तिला दिलं, तरी तिला त्याची किंमत इतर कुणाच्या भेटीपेक्षा जास्त वाटली नाही. नुसती हीच बाजू वाचली, तर बाई जरा उथळच असावी असं वाटेल.

आता उजवी बाजू. ती कशाकशाने खूश व्हायची, याची यादी ड्यूक स्वतःच देतो. त्याने दिलेला छातीवरचा दागिना किंवा फूल, काय असेल ते. पश्चिमेला मावळणारा सूर्य. बागेत कुणीतरी तिच्यासाठी तोडून आणलेली चेरीची फांदी. आणि गच्चीवर ती ज्यावर बसून फेरी मारायची ते पांढरं खेचर. बस्स, एवढंच. आरोप मोठा आहे आणि पुराव्यात सूर्यास्त नि खेचर! चेरी आणणारा तेवढा माणूस, आणि त्यालाही ड्यूक पुढे पुढे करणारा मूर्ख म्हणून मोकळा होतो. इथे वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, "मॅडम, पण मग तिने केलं काय?" हा प्रश्न मुलांकडून आला की धडा निम्मा झाला असं समजायला हरकत नाही.

आणखी एक बारकावा. ड्यूक जवळून जायचा तेव्हा ती हसायची, हे तो स्वतः कबूल करतो. त्याची तक्रार एवढीच, की तेच हसू इतरांच्याही वाट्याला यायचं. चित्रातल्या तिच्या गालावरच्या लालीबद्दलही तेच. चित्रकार काहीतरी कौतुकाचं बोलला असेल, असं ड्यूक म्हणतो, पण त्यातला 'कदाचित' मुलं नेहमी गाळतात. चित्रकाराचे शब्द ड्यूकने ऐकलेले नाहीत, ते त्याने कल्पनेने रचलेत. आणि तो चित्रकार मठातला साधू आहे! 'कदाचित'खाली रेघ मारायला लावा आणि ते वाक्य उजवीकडून डावीकडे न्यायला सांगा.

इथे एखादा हुशार विद्यार्थी अडवतो. माणूसच जर विश्वासाचा नाही, तर त्याने सांगितलेल्या चेरीवर तरी विश्वास का ठेवायचा? शंका रास्त आहे. उत्तर असं, की तपशील कुणाच्या फायद्याचा आहे ते पाहायचं. ड्यूकला खोटंच रचायचं असतं तर त्याने एखादा प्रियकर रचला असता, खेचर कशाला रचेल? चेरी, सूर्यास्त, खेचर यांनी त्याची बाजू कमजोर होते, तरी ते त्याच्या तोंडून निसटतात. कारण त्याच्या दृष्टीने ते खरोखरच गुन्ह्याचे पुरावे आहेत. तो तपशिलात खोटं बोलत नाही, तपशिलाचा अर्थ लावताना घसरतो. मुलांना हा फरक एकदा कळला, की 'खोटारडा' आणि 'अविश्वसनीय' हे दोन शब्द ती एकाच अर्थाने वापरत नाहीत.

(पालकांसाठी घरातलं उदाहरण : "मी त्याला हातसुद्धा लावला नाही, त्याने माझी वही ओढली म्हणून फक्त ढकललं." दावा पहिल्या अर्ध्यात, तपशील दुसऱ्या अर्ध्यात. मात्र हे तंत्र घरी उलटतपासणीसारखं वापरू नका, मूल तपशील सांगणंच बंद करील.)

विसंगती स्वतःबद्दलच्या दाव्यांतही आहे. ड्यूक म्हणतो, मी कधी कमीपणा घेत नाही, म्हणून तिला तिची चूक सांगितली नाही. पण बायको खेचरावर बसून हसते याचाही हिशेब ठेवणारा माणूस त्या उंचीवर बसलेला कसा असेल? आणि आता तोच हिशेब तो परक्या घरच्या नोकरापुढे मांडतोय. शेवटी हुंड्याचं. मला मुलगीच हवी आहे असं तो म्हणतो खरा, पण त्याच वाक्यात आधी काउंटच्या उदारपणाची आणि हुंड्याची खात्री करून घेतो. क्रम पाहा म्हणावं, आधी काय आलं? आपल्याकडच्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. ड्यूक म्हणतो की मला बोलण्याची कला नाही. त्यावर बऱ्याच गाइडांत उत्तर असतं, की तो तर यमकात बोलतोय, म्हणजे खोटं बोलतोय. मला हे पटत नाही. यमक ब्राउनिंगचं आहे, ड्यूक आपल्या वाड्यात द्विपद्या रचत फिरत नव्हता. त्याचं खरं कौशल्य दिसतं ते दुसरीकडे. मी हुकूम दिले आणि सगळी हास्यं थांबली, अशा अर्थाचं तो बोलतो आणि लगेच पाहुण्याला उठायला सांगतो. कसले हुकूम, कुणाला, हे काहीच नाही. इतर वेळी चेरीची फांदी कुठे तोडली तेही सांगणारा माणूस नेमका इथे तपशील देत नाही. म्हणून मुलांना जास्तीचे तपशील शोधायला शिकवलं, तसं अचानक आटलेले तपशीलही शोधायला लावा.

मग पत्नीचं झालं काय? उतारवयात ब्राउनिंगला हे विचारलं गेलं तेव्हा तो आधी म्हणाला, तिला मारण्याचे हुकूम होते. आणि मग जरा थांबून म्हणाला, किंवा तिला मठात बंद करण्याचेही असतील. इतिहासात फेरारचा ड्यूक दुसरा अल्फोन्सो याने 1558 मध्ये ल्युक्रेझिया मेदिचीशी लग्न केलं आणि 1561 मध्ये, सोळाव्या वर्षी, ती वारली. विषप्रयोगाची वदंता होती, पण अभ्यासकांचा कल क्षयरोगाकडे आहे. तेव्हा खऱ्या अल्फोन्सोला कवितेवरून दोषी ठरवू नये, परीक्षेतल्या उत्तरात तर नाहीच.

ड्यूकचा शेवटचा तपशील मी मुलांवर सोडते. जिना उतरताना तो पाहुण्याला एक कांस्यमूर्ती दाखवतो : समुद्रदेव नेपच्यून एका समुद्री घोड्याला काबूत आणतोय. दुर्मीळ वस्तू आहे, मुद्दाम माझ्यासाठी ओतलेली, एवढंच तो म्हणतो. हे वाक्य फळ्याच्या कुठल्या बाजूला लिहायचं, यावर गेल्या वर्षी माझ्या वर्गात तास संपेपर्यंत वाद चालला होता.