आकड्याला टाळ्या

‘आज जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत एक महत्त्वाचा परिसंवाद पार पडला. दोन संशोधक गटांनी आपापले निकाल सादर केले. अनेक मान्यवर शास्त्रज्ञ उपस्थित होते. निकालांचं सर्वांनी स्वागत केलं.’

४ जुलै २०१२ च्या सकाळी सर्नच्या सभागृहातून कुणी असा मजकूर पाठवला असता, तर त्यात चूक म्हणून काही दाखवता आलं नसतं. पण त्या दिवशी तिथे नेमकं काय झालं, हेही वाचणाऱ्याला कळलं नसतं. हिग्ज बोसॉन शोधणाऱ्या दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल तिथे मांडले जाणार होते. आत जागा मिळावी म्हणून लोक रात्रभर दाराबाहेर थांबले होते. मेलबर्नला भरणाऱ्या जागतिक परिषदेसाठी जमलेले शास्त्रज्ञ पडद्यावर तेच दृश्य पाहत होते. वरच्या चार वाक्यांत यातलं काहीच नाही, कारण ती चारही वाक्यं आदल्या दिवशी कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून लिहिता आली असती.

परिषद चालू असताना पाठवायच्या मजकुराची पहिली कसोटी मी हीच मानतो. कच्चा खर्डा समोर घ्यावा आणि प्रत्येक वाक्याला विचारावं: हे सभागृहात न बसता लिहिता आलं असतं का? आलं असतं, तर ते वाक्य काढून टाकावं. बहुतेक खर्ड्यांत या चाळणीनंतर दोन-तीन ओळीच उरतात. त्यामुळे खरी तयारी टिपणं घेतानाच करावी लागते. स्लाइडवरचा मजकूर उतरवण्यात वेळ घालवू नये, स्लाइड्स बहुधा नंतर मिळतात. लोक कशावर दचकले, वक्ता कुठे थांबला, टाळ्या केव्हा वाजल्या, हे मात्र नंतर कुठेच मिळत नाही. ते घड्याळातल्या वेळेसकट लिहून ठेवावं.

त्या सकाळी निवडण्यासारखे क्षण तीन तरी होते. पहिला, सीएमएस या प्रयोगाचे प्रवक्ते जो इन्कांडेला यांनी ‘५ सिग्मा’ हा आकडा दाखवला आणि भाषण संपायच्या आतच टाळ्या वाजू लागल्या, तो. दुसरा, दोन्ही गटांचं सांगून झाल्यावर सर्नचे महासंचालक रॉल्फ हॉयर यांनी सामान्य माणसाच्या भाषेत ‘मला वाटतं, आपल्याला ते सापडलंय’ असं सांगितलं, तो. आणि तिसरा, ८३ वर्षांच्या पीटर हिग्ज यांनी चष्मा काढून डोळे पुसले, तो.

जगभर गाजला तो तिसरा, आणि ते साहजिकही होतं. ज्या कणाची कल्पना त्यांनी १९६४ साली मांडली, तो ४८ वर्षांनी हाती लागत होता. तरीही पहिल्या ताज्या मजकुरासाठी मी पहिलाच क्षण घेईन. डोळे पुसणारा म्हातारा माणूस वाचकाला लगेच भिडतो, पण बातमी न कळताच भिडतो. टाळ्यांचं तसं नाही. शेकडो जाणकार एका आकड्यासाठी टाळ्या का वाजवतात, हे सांगायला गेलं की बातमी सांगावीच लागते. समजावून सांगताना मुख्य गोष्ट आपोआप बाहेर येते, तो क्षण योग्य. जो नुसता वर्णन करून भागतो, तो दुसऱ्या मजकुरासाठी राखून ठेवावा.

आता घासूनपुसून तयार झालेला मजकूर असा होईल:

‘इन्कांडेला यांनी दोन मोजण्या एकत्र करून आलेला आकडा पडद्यावर आणला: ५ सिग्मा. त्यांचं भाषण संपलेलं नाही, पण सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आहेत. नवा कण सापडला, असं म्हणण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ याच पातळीची वाट पाहतात. असा कण नसता, तर निव्वळ योगायोगानं आलेखावर इतका ठळक उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक आहे. हा कण प्रोटॉनच्या जवळपास १३३ पट जड दिसतो. तो हिग्ज बोसॉनच आहे का, हे अजून तपासायचं आहे.’

इथे काय काय गळलं ते पाहा. स्वागत गेलं, मान्यवर गेले, दुसऱ्या प्रयोगाचं नावही गेलं. सुरुवात थेट पडद्यापासून झाली, आणि क्रियापदं वर्तमानकाळात आली, कारण टाळ्या अजून चालू आहेत. ‘ऐतिहासिक’ हा शब्द घालायचा मोह झाला असता. पण ३५ लाखांत एक हा आकडा वाचल्यावर त्याची गरज उरत नाही. तांत्रिक संज्ञा एकच ठेवली आणि पुढच्याच दोन वाक्यांत तिचा उलगडा केला. सिग्मा ठेवून शिवाय कणाच्या विघटनाचे प्रकार, टकरींची ऊर्जा, वस्तुमानाचं एकक हेही घातलं असतं, तर टाळ्यांचा आवाज त्याखाली दबला असता.

‘दोन मोजण्या एकत्र करून’ हे चार शब्द मात्र कितीही काटछाट केली तरी काढू नयेत. ज्या आकड्याला टाळ्या पडल्या, तो सीएमएसच्या सगळ्यात धारदार दोन मोजण्यांचा होता. एकात कणाचं दोन फोटॉनमध्ये विघटन होतं आणि दुसऱ्यात चार हलक्या कणांमध्ये. पाचही प्रकार एकत्र धरल्यावर सीएमएसचा आकडा ४.९ आला. टाळ्यांच्या भरात ‘सीएमएसचा एकूण निकाल ५ सिग्मा’ असं कुणी लिहिलं असतं, तर मजकूर जिवंत झाला असता पण चुकीचा ठरला असता. रंगलेला क्षण लिहिताना चूक बहुधा अशाच ठिकाणी होते, कारण टाळ्या वाजत असताना वक्त्याचं पुढचं वाक्य ऐकूच येत नाही. म्हणून आकडा पाठवण्याआधी तो कशाचा, किती गोष्टींचा मिळून, हे स्लाइडवर पुन्हा एकदा पाहून घ्यावं. स्लाइड पुढे सरकली असेल, तर शेजारच्याला विचारावं. त्यासाठी दोन मिनिटं उशीर झाला तरी चालतो.

परवानगीचाही प्रश्न असतो. हा कार्यक्रम सर्वांसाठी थेट प्रक्षेपित होत होता, म्हणून अडचण नव्हती. अनेक परिषदांत मात्र अजून प्रसिद्ध न झालेलं काम दाखवतात आणि वक्ता स्लाइडवरच फोटो काढू नका, बाहेर सांगू नका अशी सूचना देतो. तिथे क्षण कितीही सुंदर असला, तरी वक्त्याला विचारल्याशिवाय तो पाठवू नये.

इन्कांडेला यांच्यानंतर फाबिओला जानोत्ती यांनी अ‍ॅटलास या प्रयोगाचा निकाल मांडला. त्यांचाही आकडा ५ सिग्मा होता. तो पहिल्या मजकुराच्या शेपटीला जोडला, तर पुन्हा सारांशच तयार होतो. त्याचा वेगळा छोटा मजकूर करावा. एकमेकांपासून स्वतंत्र काम करणारे दोन गट जवळपास एकाच वजनाच्या कणापाशी पोचले, ही त्यातली गोष्ट. हिग्ज यांचे डोळे तिसऱ्या मजकुरात येऊ द्यावेत. तोवर वाचकाला त्या अश्रूंमागचं कारण ठाऊक झालेलं असेल.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘अजून तपासायचं आहे’. संपादन करताना हेच वाक्य आधी उडवलं जातं, कारण त्यानं रंगाचा बेरंग होतो असं वाटतं. पण त्या दिवशी शास्त्रज्ञांचा दावा एवढाच होता की हिग्ज बोसॉनशी मिळताजुळता एक नवा कण सापडला आहे. त्याचे गुणधर्म आणखी तपासून, हा हिग्ज बोसॉनच आहे असं सर्ननं म्हटलं, ते मार्च २०१३ मध्ये.