अंगाबरोबर रस

आईच्या वहीत वालाच्या बिरड्याला जेमतेम सात ओळी मिळाल्या आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भाचीला त्या इंग्रजीत हव्या होत्या, कारण तिच्याकडे स्वयंपाक नवरा करतो आणि त्याला मराठी येत नाही. मला वाटलं, चहा पिता पिता होऊन जाईल. प्रत्यक्षात दोन रविवार लागले, तेही भिवंडीला मावशीच्या ओट्याशी वजनकाटा मांडून.

वहीतलं पान असं आहे: ‘पावशेर वाल भिजवून मोड आणावे. सोलावे. फोडणीत कांदा परतून डाळिंब्या घालाव्या. झाकणावर पाणी ठेवून दणदणीत वाफ आणावी. तिखट, मसाला, लिंबाएवढा गूळ, आमसुलं, एक वाटी खोबरं. अंगाबरोबर रस ठेवावा.’

पहिल्याच जिन्नसाला अडलो. वालाला इंग्रजीत हायसिंथ बीन, फील्ड बीन, लॅबलॅब अशी तीन-चार नावं आहेत आणि पावटाही त्यातच मोडतो. कोणी बटर बीन सुचवलं तर ऐकायचं नाही, ती वेगळीच जात. आपल्याकडे भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर जे लहान, तपकिरी, कडवे वाल पेरतात, ते आईला अभिप्रेत होते. दुकानातले मोठे पांढरे वाल चालतील, पण चव गोडसर येईल. ‘वाल दाल’ मात्र कामाची नाही. ती फोडलेली असते, तिला मोड कसले येणार? म्हणून इंग्रजीत पहिली अट लिहिली की वाल अख्खे हवेत, सालासकट.

दोन वाक्यांनंतर त्याच वालाच्या ‘डाळिंब्या’ होतात. मोड आलेला, सोललेला वाल म्हणजे डाळिंबी, आणि काही घरांत या पदार्थालाच डाळिंब्यांची उसळ म्हणतात. कोश उघडून शब्दाला शब्द लावणाऱ्याच्या हाती इथे थेट डाळिंब लागेल आणि बिचारा जावई फळांच्या दुकानात जाईल. इंग्रजीत मी शेवटपर्यंत एकच नाव ठेवलं आणि पुढे फक्त ‘सोललेले’ असं विशेषण जोडलं. मराठीत वस्तूचं रूप पालटलं की नावही पालटतं. तांदळाचा भात होतो तसंच हे. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र नवं नाव दिसलं की नवा जिन्नस आणायचा राहिला असं वाटतं.

‘भिजवून मोड आणावे’ यात आईने अख्खा दिवस गिळला आहे. मावशी सकाळी वाल भिजत घालते, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधते. भिवंडीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच मोड दिसतात. विलायतेच्या थंडीत दोन दिवसही लागतील, तेव्हा ओव्हनमधला नुसता दिवा लावून पुरचुंडी आत ठेवावी. फडकं वाळू द्यायचं नाही. वाल बुळबुळीत झाले आणि आंबूस वास आला तर ते गेले, मोड कितीही लांब असोत. भिजवलेलं पाणी फेकायचं, हे वहीत नाही. कोणत्याही बाईला ते सांगावं लागत नसे. पण वाळलेल्या वालात कडवटपणाबरोबर थोडी सायनाइड सोडणारी द्रव्यंही असतात. भिजवणं, पाणी टाकणं आणि पूर्ण शिजवणं हा त्यावरचा उपाय, म्हणून इंग्रजीत त्याला स्वतंत्र वाक्य दिलं. सोलण्याआधी वाल दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकले की चिमटीत दाबताच डाळिंबी सालातून सटकते.

आता मापं. जुना पावशेर सुमारे २३३ ग्रॅमचा. १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली, तरी पावशेर हा शब्द बाजारात राहिला आणि गुपचूप अडीचशे ग्रॅमचा झाला. शिवाय शेर वजनाचाही असे आणि मापाचाही. आईने कोणता धरला होता कोण जाणे. मावशी म्हणाली, ‘अगं, पाच मुठी. सहा जणांना पुरतं.’ तिच्या पाच मुठी काट्यावर घातल्या तर २२० भरले. माझ्या पाच मुठी २६०. आम्ही २५० लिहिलं.

लिंबाएवढा गूळ ही खरी खोडी होती. आपलं कागदी लिंबू आणि तिकडच्या दुकानातलं लेमन यांत निदान अडीच-तीनपटींचा फरक. मावशीने डब्यातून जो खडा उचलला तो २८ ग्रॅमचा निघाला. ‘लेमन’ लिहिलं असतं तर बिरड्याचं पक्वान्न झालं असतं.

‘एक वाटी खोबरं’ वाचताना तर आम्ही दोघी चक्क भांडलो. वाटी म्हणजे आमटीची वाटी, हे माझं म्हणणं. मावशीच्या मते फोडलेल्या नारळाचं अर्धुक, कारण नारळाचीही वाटीच असते. कमलाबाई ओगल्यांच्या १९७०च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं आणि मी त्यावर वाढले. आईची वही त्याआधीची, तेव्हा मावशीचं खरं धरलं. अर्धा नारळ खवून भरला ९० ग्रॅम. खोबरं ओलं की सुकं हेही वहीत नाही. ‘खवलेलं’ असतं तर ओलं हे कळलं असतं, कारण सुकं किसतात. तिकडे ओला नारळ नसेल तर गोठवलेला चालेल, पण गोडाच्या पदार्थांवर भुरभुरवतात तो कोरडा चुरा नको.

क्रियापदांत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. फोडणीला ‘टेंपरिंग’ म्हणायची पद्धत पडली आहे. पण चॉकलेट करणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा, आणि इंग्रजी पुस्तकांत ती बहुधा शेवटी वरून ओतलेली दिसते. इथे ती पायाशी आहे. म्हणून शब्द ठेवून कृती लिहिली: तीन चमचे तेल तापवा, एक मोहरी टाकून बघा, ती तडतडली की बाकीची टाका, थांबली की हिंग, हळद आणि लगेच कांदा. हळद जळली की काळपट होते आणि कडू लागते. मग ते तेल फेकून पुन्हा सुरुवात.

‘परतणे’ एकाच शब्दात दोन कामं करतं. कांदा परतणं म्हणजे तेलात मऊ होईपर्यंत हलवत राहणं. डाळिंब्या परतणं म्हणजे उलथनं तळाशी घालून खालचं वर आणणं, दोनदा किंवा तीनदा, बस. तिथे ‘स्टर’ लिहिलं तर माणूस गरगर ढवळणार आणि डाळिंब्यांचं पिठलं होणार. मी लिहिलं, ‘उलटा, ढवळू नका.’

झाकणावरचं पाणी हा इंग्रजी वाचकाला नक्की छपाईचा दोष वाटला असता. खोलगट ताटलीत पाणी घालून ती पातेल्यावर ठेवायची. पाण्याने ताटली वाफेपेक्षा थंड राहते, वाफ तिच्या बुडाला लागून थेंब होऊन परत खाली पडते, आणि डाळिंब्या कमी पाण्यात न लागता शिजतात. वरचं पाणी गरम होतं, तेच लागेल तसं आत घालायचं. ‘दणदणीत वाफ’ म्हणजे ताटलीच्या कडेने वाफ जोरात निसटू लागणं. मग आच कमी करून पंधरा ते वीस मिनिटं. डाळिंबी बोटांत दाबल्यावर चेपली पाहिजे, पण आपणहून फुटलेली नको.

गूळ-आमसुलांची जागा यानंतरच. वहीत सगळं एका दमात आहे, त्यामुळे अनुवादातही ते एका दमात पडलं असतं. आंबट आधी पडलं की डाळिंबी दडस राहते, मग तासभर शिजवा. आमसुलं चार. चिंच घालून पाहिली, रंग मळकट आला.

राहिलं ‘अंगाबरोबर रस’. ‘थिक ग्रेव्ही’ चूक, कारण रस घट्ट नसतो, फक्त थोडा असतो. बऱ्याच खोडाखोडीनंतर लिहिलं: पातेलं तिरकं केलं तर कडेला चमचाभर रस जमावा, डाळिंब्या त्यात तरंगू नयेत.

दुसऱ्या रविवारी सगळं इंग्रजी मी मावशीला मराठीत सांगून वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मध्येच म्हणाली, ‘आणि मीठ?’ मी वही पुन्हा उघडली. आईनेही मीठ लिहिलेलं नव्हतं. मावशी पहिल्या वाफेनंतर घालते, म्हणून तिच्या चिमटीतून पडणारं मीठ काट्यावर धरलं: सात ग्रॅम.