संगणकातला तांब्याचा हंडा

तांब्याचा हंडा संगणकात उभा करायचा म्हटलं, तर आकार हा त्यातला सोपा भाग. ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हंड्याची अर्धी बाह्यरेषा काढायची, ती अक्षाभोवती फिरवायची, की हंडा तयार. खरी अडचण पुढे येते. त्याला तांबूस तपकिरी रंग दिला तर हंडा मातीचा वाटतो, आणि चमक वाढवली तर प्लॅस्टिकचा. रंग अगदी जुळवून घेतलेला असतो, तरीही त्यात तांबं काही दिसत नाही.

पूर्वी चित्रपट आणि गेम बनवणारे कलाकार हा प्रश्न नजरेच्या अंदाजाने सोडवायचे. वस्तूचा रंग वेगळा, चमकेचा रंग वेगळा, चमकेचा जोर वेगळा, असं एकेका दृश्यासाठी जुळवत बसायचं. दुपारच्या उन्हासाठी जुळवलेलं भांडं रात्रीच्या दृश्यात नेलं की विजोड दिसायचं आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. २०१२ साली डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी ‘रेक-इट राल्फ’ या चित्रपटासाठी उभारलेली नवी पद्धत सिग्राफ परिषदेत मांडली. खऱ्या पदार्थांवरून प्रकाश कसा परततो याची मोजमापं समोर ठेवून, कलाकाराला समजतील अशा मोजक्या गुणांत पदार्थाचं वर्णन करायचं, हा तिचा गाभा होता. पुढच्याच वर्षी ब्रायन कॅरिस यांनी तिचं सुटसुटीत रूप अनरिअल इंजिन ४ मध्ये आणलं. २०१७ मध्ये आलेल्या जीएलटीएफ २.० या फाइल-प्रकारानेही हीच पद्धत स्वीकारली. ब्राउझरमध्ये किंवा फोनवर आपण एखादी त्रिमिती वस्तू बोटाने फिरवून पाहतो, तिच्यामागे बहुतेक वेळा ही पद्धत असते. तिला मेटॅलिक-रफनेस पद्धत म्हणतात.

पदार्थाबद्दल ती मुख्यतः तीन गोष्टी विचारते: बेस कलर कोणता, तो धातू आहे का, आणि त्याचा पृष्ठभाग किती खरखरीत आहे. या तिन्हींची उत्तरं पृष्ठभागाच्या प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळी देता यावीत म्हणून ती चित्रांच्या रूपात साठवतात. या चित्रांना टेक्सचर म्हणतात.

यातला दुसरा प्रश्न का महत्त्वाचा, ते घरातच पाहता येतं. खिडकीजवळ लाल प्लॅस्टिकचा मग आणि घासलेला तांब्याचा तांब्या शेजारीशेजारी ठेवा. मगावर खिडकीची जी तिरीप चमकते ती पांढरी असते, तांब्यावरची मात्र तांबूस असते. प्लॅस्टिक, लाकूड, माती, कापड यांवर पडलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग पृष्ठभागावरूनच परततो आणि तो रंगहीन असतो. बाकीचा आत शिरतो, कणांमध्ये विखुरतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. मगाचा लाल रंग म्हणजे हा आतून आलेला प्रकाश. धातूत शिरलेला प्रकाश तिथले मुक्त इलेक्ट्रॉन लगेच शोषून घेतात, त्यामुळे आतून बाहेर काहीच येत नाही. धातूचा सगळा रंग त्याच्या प्रतिबिंबातच असतो.

सॉफ्टवेअर हे दोन ओळींत मांडतं:

```
F0      = mix(0.04, baseColor, metallic)
diffuse = baseColor * (1 - metallic)
```

`F0` म्हणजे समोरून पाहताना पृष्ठभागावरून थेट परतणारा प्रकाश. मेटॅलिक ० असेल तर हा हिस्सा फक्त ४ टक्के धरला जातो आणि बेस कलर आतून येणाऱ्या प्रकाशाला मिळतो. मेटॅलिक १ केलं की आतला प्रकाश शून्य होतो आणि तोच बेस कलर प्रतिबिंबाचा रंग होतो. एकाच चित्राला दोन अर्थ आहेत, आणि कोणता लागू करायचा ते दुसरं चित्र ठरवतं. हे नीट उमगलं नाही की पुढच्या बहुतेक चुका होतात.

पहिली चूक रंगाची. शुद्ध तांब्याचा बेस कलर किती असावा? मोजमापांनुसार तांबं समोरून पडलेल्या लाल प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के, हिरव्यापैकी ६४ टक्के आणि निळ्यापैकी ५४ टक्के परत पाठवतं. ब्लेंडरच्या रंगपेटीत हे `FAD1C2` असं टंकावं लागतं. टंकल्यावर समोर येतो तो फिकट, गुलाबीसर पीच रंग. तो पाहून शिकाऊ माणूस हमखास बिचकतो, हे तांबं असूच शकत नाही असं त्याला वाटतं आणि तो रंग गडद तपकिरीकडे ओढतो. इथे हात आवरायला हवा. आपल्या डोळ्यांपुढचं तपकिरी तांबं हे बहुतेक वेळा काळवंडलेलं असतं. शिवाय भांड्यात खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यांचं प्रतिबिंबही मिसळलेलं असतं. ते अंधारे कोपरे रंगात भरून चालत नाहीत, ते भोवतालातून यायला हवेत.

म्हणूनच मेटॅलिक १ केल्यावर हंडा काळा पडला तर रंगाला दोष देऊ नये. धातूला स्वतःचा विखुरलेला प्रकाश नसतो. भोवती काहीच नसेल तर त्याच्यात दिसायलाही काही नसतं. हंड्याभोवती एचडीआरआय, म्हणजे चहूबाजूंचा परिसर खऱ्या उजेडासकट टिपणारा फोटो, लावला की तोच पीच रंग तांबं होऊन समोर येतो. पॉली हेवनच्या संकेतस्थळावर असे फोटो मोफत मिळतात.

आता हंडा जरा जुना करू. गळ्याखाली हिरवट पुटं चढली आहेत, बुडाला चुलीची काजळी आहे, आतून कल्हई आहे. इथे मेटॅलिकचं चित्र रंगवताना एक मोह होतो. हिरवं पूट तांब्यापासूनच झालंय, तेव्हा ते अर्धं धातू असणार, म्हणून तिथे ०.५ देऊ, असं वाटतं. पण ते तांब्याचं संयुग आहे, धातू नव्हे, आणि प्रकाश त्याला मातीसारखंच वागवतो. तिथे मेटॅलिक शून्यच हवं. काजळीलाही शून्य. कल्हई मात्र कथलाची, म्हणजे धातूच, तिथे १ राहील आणि फक्त बेस कलर रुपेरी होईल. ०.५ दिलं तर वरच्या सूत्राप्रमाणे निम्मं प्रतिबिंब आणि निम्मा आतला प्रकाश असं मिश्रण तयार होतं. असा पदार्थ निसर्गात नाही, आणि डोळ्याला तो चंदेरी रंग मारलेल्या खेळण्यासारखा खटकतो. मधले आकडे फक्त दोन पदार्थांच्या अरुंद सीमेवर, किंवा पातळ धुळीसारख्या खरोखरच मिसळलेल्या थरावर शोभतात. हंड्यावरचा तपकिरी काळवंडा मात्र वेगळा. तो इतका पातळ असतो की खालचं तांबं त्यातून चमकतं. तिथे मेटॅलिक १ ठेवून बेस कलर गडद करावा आणि रफनेस थोडा वाढवावा, हा व्यवहारातला चांगला उपाय.

हंड्याचं वय खरं तर रफनेसच सांगतो. रफनेस वाढला म्हणून परतणारा प्रकाश कमी होत नाही, तो फक्त जास्त दिशांना पसरतो आणि प्रतिबिंब पुसट होतं. हाताच्या स्पर्शाने काठ गुळगुळीत झालेला असतो, तिथे ०.२ च्या आसपास आकडा द्यावा. काळवंडलेल्या पोटावर ०.४५ आणि काजळीवर ०.९ शोभेल. पुण्याच्या तांबट आळीतल्या भांड्यांवर ठोक्यांच्या ओळींचं मठारकाम असतं. ते मात्र रफनेसच्या चित्रात रंगवू नये. ते डोळ्याला दिसणारे खळगे आहेत, त्यांची जागा नॉर्मल मॅपमध्ये. रफनेस आहे तो डोळ्याला सुटा न दिसणाऱ्या खरखरीतपणासाठी.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र रंगवण्यात नसते, ती एका छोट्या यादीतल्या निवडीत असते. पडद्यावर दाखवायची चित्रं `sRGB` या पद्धतीने साठवतात, तिच्यात साठवलेला आकडा आणि खरा उजेड यांचं प्रमाण सरळ नसतं. बेस कलर हा रंग आहे, त्याला हे बरोबर. रफनेस आणि मेटॅलिक मात्र नुसते आकडे आहेत. ब्लेंडरमध्ये चित्र जोडताना `Color Space` हा पर्याय `sRGB` वरच राहिला, तर सॉफ्टवेअर त्या आकड्यांनाही रंग समजून बदलतं. रफनेसच्या चित्रात १२८, म्हणजे बरोबर मधला करडा ठेवला असेल, तर तो ०.५ ऐवजी ०.२२ असा वाचला जातो. पोटाचा ०.४५ चा काळवंडा ०.१७ वर येतो आणि जुना हंडा नुकताच चिंच लावून घासल्यासारखा लखलखतो. माणूस मग रफनेसचं चित्र उजळत बसतो, काठ सुधारला की पोट बिघडतं. ही चूक लपून राहते, कारण ० आणि १ हे दोन आकडे या बदलात जसेच्या तसे राहतात. मेटॅलिकचं चित्र बहुतांशी काळं-पांढरंच असल्याने तिथे काही बिघडलेलं दिसत नाही आणि संशय भलतीकडेच जातो. रफनेस, मेटॅलिक आणि नॉर्मल या तिन्ही चित्रांना `Non-Color` निवडायचं, आणि तेही काहीही रंगवायला घेण्याआधी.

शेवटची चूक फोटोची. खऱ्या हंड्याचा फोटो काढून तोच बेस कलर म्हणून चिकटवणं फार सोपं आहे. पण फोटोत खिडकीची तिरीप, काठाखालची सावली आणि फोटो काढणाऱ्याचा सदरासुद्धा रंग म्हणून उतरलेला असतो. त्यावर सॉफ्टवेअर स्वतःचा उजेड टाकतं, तेव्हा प्रकाश दोनदा पडतो. हे ओळखायची खात्रीची रीत म्हणजे हंडा स्थिर ठेवून भोवतालचा एचडीआरआय फिरवणं. जी चमक भोवतालाबरोबर सरकते ती खरी. जी जागची हलत नाही ती चित्रात रंगलेली, ती बेस कलरमधून काढून टाकावी लागते. धातूच्या बाबतीत तर फोटोतला रंग जवळजवळ सगळाच प्रतिबिंबाचा असतो, म्हणून तांब्यासाठी मोजलेला आकडा घेऊन त्यावर डाग रंगवणं बरं. फोटोचा उपयोग डाग कुठे आणि कसे पडतात हे पाहण्यापुरता.

इतकं करूनही दोन गोष्टी या पद्धतीला साधत नाहीत. एक सीमेवरची. काजळी आणि तांबं जिथे भेटतात तिथल्या ठिपक्यांत बेस कलर आणि मेटॅलिक वेगवेगळे मिसळतात. उजळ रंग आणि अर्धवट मेटॅलिक एकत्र आले की तिथे एक फिकट, पांढुरकी रेघ उमटते. टेक्सचर दुप्पट बारकाईचं घेतलं तर ती निम्म्याने अरुंद होते, पण पूर्ण जात नाही. दुसरी गोष्ट कल्हई न केलेल्या हंड्याच्या आतली. तिथे प्रकाश तांब्यावर एकदा नव्हे, अनेकदा आपटतो. दोन उड्यांत हिरवा ६४ वरून ४१ टक्क्यांवर आणि निळा ५४ वरून २९ वर येतो, लाल मात्र ९१ वर टिकतो, म्हणून खऱ्या हंड्याचं पोट आतून गडद लालसर दिसतं. ब्लेंडरचं सायकल्स इंजिन किरणांच्या या उड्या मोजतं आणि तो लाल रंग आपोआप येतो. फोनवर साधारणपणे त्या मोजल्या जात नाहीत, म्हणून तोच हंडा तिथे आतून फिका दिसतो. फक्त फोनसाठीच मॉडेल करायचं असेल, तर आतल्या बाजूचा बेस कलर हाताने लालसर करावा लागतो. नियम मोडायला मी एवढ्या एकाच जागी तयार होईन.