माती भावनगरची, आखणी पेणची

भाद्रपदापूर्वी रोह्यातील एखाद्या दुकानदाराने ‘पेणच्या मातीतून घडलेले गणपती’ अशी पाटी लावली, असे समजा. ग्राहकाला ती भावेल. परंतु तीतील ‘माती’ हा शब्द खरा नव्हे. पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांत लागणारी शाडू माती मुख्यत्वे गुजरातेतून, भावनगरकडून येते. पेणच्या भूमीची महती सांगणारी कथा विक्रीसाठी रचलेली ठरते.

मग पेणचे असे काय? साच्यातून निघालेल्या भागांचे सांधे जुळविणे, मूर्ती सुकविणे, रंगविणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी. हे कसब तेथलेच. भौगोलिक उपदर्शनाचा १९९९ चा कायदाही तयार मालाच्या बाबतीत उत्पादनाची एखादी क्रिया त्या प्रदेशात होणे पुरेसे मानतो. मात्र मालाचा गुण वा लौकिक त्या प्रदेशामुळे असावा लागतो. कच्चा माल तेथलाच हवा, अशी अट नाही.

म्हणून पाटीतील प्रत्येक नामाला पुरावा मागावा: मातीची खरेदीपावती, कारखान्याचे नाव, आखणी कोठे झाली. जो शब्द टिकणार नाही, तो गाळावा. ‘माती भावनगरची, आखणी पेणची’ ही पाटी खरी आहे, आणि ग्राहकाच्या ध्यानातही तीच राहील.